आवृत्ती संपलेली मराठी कादंबरी कोकणात कशी शोधावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आणि मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेवढेच इथे घेतले आहेत. बहुतेकांना हवी असते ती १९५० ते १९८० च्या दरम्यान निघालेली, एकदाच छापली गेलेली, वाचनालयातून हातोहात फिरलेली कादंबरी. उत्तरं तिला धरूनच आहेत.

१. दुकानदार म्हणाले, "आता मिळत नाही." म्हणजे आवृत्ती संपली असं समजायचं का?

लगेच समजू नका. "मिळत नाही" याचा अर्थ बरेचदा "आमच्याकडे नाही आणि एका प्रतीसाठी मागवणं परवडत नाही" एवढाच असतो. मराठी कादंबरीची हजारभर प्रतींची आवृत्ती खपायला वर्षानुवर्षं लागतात आणि उरलेले गठ्ठे प्रकाशकाच्या गोदामात पडून असतात. सूचीपत्रातून नाव गेलं तरी गठ्ठा जागेवर असू शकतो. म्हणून आधी प्रकाशकाला थेट फोन करा आणि "शिल्लक प्रती आहेत का" असं विचारा. "पुस्तक मिळेल का" असं विचारलंत तर पलीकडचा माणूस चालू यादी बघून नाही म्हणतो.

दुसरी शक्यता म्हणजे तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाने काढलेली असणं. त्या लेखकाची बाकीची पुस्तकं आज कोण छापतं ते पाहा. प्रकाशनसंस्थाच बंद झाली असेल तर प्रश्न ११ पाहा.

२. नाव आठवत नाही, लेखकही आठवत नाही. लहानपणी वाचलेली गोष्ट तेवढी आठवते. काही उपयोग होईल का?

गोष्टीचा उपयोग सगळ्यांत कमी. खलाशी नवरा परत येत नाही, घराचा वाद कोर्टात जातो, मुंबईची सून गावात रमत नाही, हे कथानक डझनावारी कादंबऱ्यांत सापडेल. त्यापेक्षा पुस्तक ही वस्तू आठवा. कव्हर कसं होतं? कोपऱ्यात चित्रकाराची सही होती का? दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये. त्यांच्या सहीचं कव्हर असेल तर चित्र त्याआधीचं, हे नक्की. फक्त पुढच्या आवृत्तीला तेच कव्हर पुन्हा वापरलेलं असू शकतं, एवढं ध्यानात ठेवायचं.

किमतीवरूनही काळ कळतो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. आण्यांत किंमत असेल तर पुस्तक साधारण त्याआधीचं. "न. पै." म्हणजे नवे पैसे छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १९६४ च्या जूनपासून "नवे" हा शब्द गेला. नुसते "पैसे" असतील तर त्यानंतरचं. घरात त्याच पुस्तकाची फाटकी प्रत असेल तर काम बरंच सोपं होतं. तसा एक शोध प्रश्न ७ मध्ये सविस्तर दिला आहे.

आणि ते पुस्तक वाचलं कुठे, हे आवर्जून लिहून ठेवा. "आजोळी, वेंगुर्ल्याला, मे महिन्यात" एवढ्यावरूनही कोणत्या वाचनालयापासून सुरुवात करायची ते ठरतं.

३. नाव आणि लेखक दोन्ही माहीत आहेत. सुरुवात कुठून करू?

दुकानापासून नको, सूचीपासून करा. प्रकाशक, गाव, साल, पृष्ठसंख्या आणि किंमत या पाच गोष्टी हातात असल्याशिवाय शोधाला निघालात तर एकाच नावाची भलतीच कादंबरी घेऊन घरी याल. "संध्याछाया"छापाची नावं मराठीत अनेकांनी वापरली आहेत.

१९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. तिचा एक भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. मोठ्या वाचनालयांच्या संदर्भ विभागात ती असते. १९५८ पासूनच्या पुस्तकांसाठी कोलकात्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाची राष्ट्रीय ग्रंथसूची आहे. तिच्यात मराठी नावं रोमन लिपीत छापलेली असल्यामुळे चाळायला वेळ लागतो. म्हणून १९५० नंतरच्या काळासाठी वाचनालयांची छापील सूचिपत्रंच अधिक कामाला येतात.

जुन्या पुस्तकावर साल शके असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचं प्रकाशन असेल तर ७९. म्हणजे शके १८६० ची कादंबरी १९३८ मध्ये किंवा १९३९ च्या सुरुवातीला निघालेली असते. ग्रंथसूचीच्या कोणत्या भागात शोधायचं हे यावरूनच ठरतं.

४. कोकणात जुन्या कादंबऱ्या असलेली वाचनालयं कोणती?

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. वेंगुर्ले आणि मालवण इथलीही वाचनालयं जुनी आहेत. ही मोठी नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात.

माझं मत विचाराल तर हव्या असलेल्या कादंबरीसाठी गावातलं छोटं वाचनालय आधी गाठा. शहरातल्या वाचनालयात पुस्तक झिजेपर्यंत वाचलं जातं, मग बाद होतं. गावच्या वाचनालयाकडे नवी पुस्तकं घ्यायला पैसे कमी आणि जुनी काढून टाकायला माणसं कमी, त्यामुळे साठच्या दशकातलं कपाट बरेचदा जसंच्या तसं असतं. त्यात भर असते ती मुंबईकर चाकरमान्यांनी गावाला दिलेल्या पुस्तकांची. गिरगाव-परळच्या खोलीत जागा नसायची, म्हणून वाचून झालेल्या कादंबऱ्या ट्रंकेतून गावी यायच्या आणि "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असा शिक्का बसून वाचनालयात जमा व्हायच्या. शाळांच्या ग्रंथालयांत आणि ग्रामपंचायतीच्या वाचनकट्ट्यांवरही असे गठ्ठे निघतात.

५. वाचनालयात फोन केला, "नाही" म्हणाले. आणखी काय विचारायचं?

"ते पुस्तक आहे का" या प्रश्नाला ग्रंथपाल संगणकात बघून उत्तर देतात. संगणकात बहुतेक ठिकाणी देवघेवीतली पुस्तकं असतात. जीर्ण म्हणून बाजूला काढलेली, बंद कपाटातली, वरच्या माळ्यावरची पुस्तकं तिथे चढलेली नसतात. तुम्हाला हवी आहे ती दाखलनोंद वही.

वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल क्रमांक घेऊन त्या वहीत चढतं. तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, साल, पानं, किंमत, कोणाकडून घेतलं, आणि शेवटी शेरा. वही क्रमांकाने चालते, नावाने नाही, म्हणून तुम्हाला साल माहीत असणं गरजेचं. नवी कादंबरी निघाली की वाचनालयं ती त्याच वर्षात किंवा पुढच्या वर्षा-दोन वर्षांत घेत. १९६१ ची कादंबरी असेल तर १९६१ ते १९६३ च्या नोंदी चाळायच्या. छोट्या वाचनालयात ही काही पानंच भरतात आणि तासा-दोन तासांत काम होतं. तिथे नाही मिळाली तर देणगीच्या नोंदी बघायच्या. त्या मात्र कोणत्याही वर्षी असू शकतात.

हे काम फोनवर सांगू नका. ग्रंथपाल बहुधा एकटेच असतात. स्वतः जा, किंवा गावातल्या कोणाला पाठवा, आणि वही मीच चाळतो म्हणून सांगा. मार्चमध्ये अनुदानाचे हिशेब असतात, तेव्हा टाळा. भर पावसातही जुनी कपाटं उघडायला ग्रंथपाल राजी नसतात आणि त्यांचं बरोबर आहे. ओल्या हवेत उघडलेलं कपाट बुरशी धरतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले.

६. वहीत नोंद सापडली, पण पुस्तक जागेवर नाही. आता?

आधी शेऱ्याचा रकाना बघा. "बाद" किंवा "निर्लेखित" लिहिलं असेल तर पुस्तक रीतसर काढून टाकलेलं आहे. त्याची यादी कार्यकारिणीच्या ठरावाला जोडलेली असते आणि पुस्तकं रद्दीत गेली की कोणाला दिली, ते तिथे कळू शकतं. शेरा कोराच असेल तर पुस्तक इमारतीत असण्याची शक्यता खरीच आहे.

अशी पुस्तकं दोन कारणांनी दडतात. बारीक कादंबऱ्या वाचनालयं दोन-दोन, तीन-तीन एकत्र बांधून घेत आणि पुठ्ठ्यावर पहिलीचंच नाव लिहीत. तुमची कादंबरी दुसऱ्याच नावाच्या पुठ्ठ्यात असते. तेव्हा दाखल क्रमांकाच्या आगेमागे नोंदलेली, त्याच लेखकाची किंवा त्याच आकाराची पुस्तकं उघडून बघा. दुसरं कारण बांधणीवाला. त्याने पुठ्ठ्यावर नाव चुकीचं घातलं की पुस्तक भलत्याच अक्षराखाली लागतं आणि तिथेच राहतं.

चिपळूणच्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. २००५ आणि जुलै २०२१ च्या पुरांत तिथल्या वाचन मंदिराच्या पुस्तकांचं मोठं नुकसान झालं. जुन्या सूचिपत्रात नाव दिसलं म्हणून प्रत असेलच असं धरून प्रवास करू नका, आधी विचारा.

कोकणात कुठेच नाही निघाली तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) ही दोन ठिकाणं मुंबईतल्या नातेवाइकाला सांगता येतील. शिवाय १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यायची असते. सगळ्यांनी दिल्या असं नाही. छोटे प्रकाशक आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक यात सर्रास मागे राहिले.

७. एखादा प्रत्यक्ष शोध सुरुवातीपासून सांगाल का?

देवगड तालुक्यातल्या एका बाईंकडे वडिलांच्या पेटीत एक फाटकी कादंबरी होती. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, सुरुवातच पान १७ पासून. त्यांना नाव हवं होतं आणि वडील वाचून दाखवत ती सुरुवात हवी होती. कादंबरीचं नाव इथे देत नाही, कारण प्रती मोजक्या आहेत आणि नाव बाहेर आलं की भाव चढतो.

पहिला धागा पान १७ च्या तळाशी होता. डाव्या कोपऱ्यात बारीक टाइपात "वा. २" असं छापलेलं होतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. बांधणीवाल्याचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली पुस्तकाच्या नावाचं आद्याक्षर आणि फर्म्याचा अंक घालायची पद्धत होती. म्हणजे पान १७ हा दुसरा फर्मा, पहिला पूर्ण गळून पडलेला, आणि नाव "वा"ने सुरू होणारं. पान ३३ खाली "वा. ३" दिसल्यावर खात्री पटली.

दुसरा धागा मागच्या बाजूला. गोष्ट पान २३० ला संपत होती आणि त्यानंतरच्या पानावर "आमची इतर प्रकाशने" अशी जाहिरात होती. प्रकाशकाचं नाव असलेला भाग फाटलेला, पण चार-पाच कादंबऱ्यांची नावं शाबूत आणि किमती "रु. ४-५० न. पै." अशा. म्हणजे १९५७ ते १९६४. जाहिरातीतल्या दोन कादंबऱ्या वाचनालयात सहज सापडल्या आणि त्यांवरून गिरगावातला प्रकाशक कळला.

आता प्रकाशक, सात वर्षांचा टप्पा, आद्याक्षर आणि साधारण पृष्ठसंख्या एवढं हाताशी होतं. बाईंच्या भाच्याने तालुक्याच्या वाचनालयात दाखलनोंद वह्या चाळल्या. त्या प्रकाशकाची "वा"ने सुरू होणारी एकच कादंबरी होती, २३२ पानांची. शेरा मात्र "बाद". नाव मिळालं, प्रत नाही.

प्रत मिळाली ती जवळच्या गावातल्या वाचनालयात. तिथेही नोंद होती, शेरा कोरा, पुस्तक गायब. मग प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे आगेमागच्या क्रमांकांचे पुठ्ठे उघडले, तर दुसऱ्याच एका सामाजिक कादंबरीच्या मागे ती बांधलेली निघाली. बांधणीवाल्याने कडा जरा जास्तच कापल्या होत्या, पण मजकूर पूर्ण होता. पान १७ ची पहिली ओळ दोन्ही प्रतींत जुळली. नाव जुळल्यावर थांबू नका, ही एक ओळ जुळवून बघाच. वेगळ्या आवृत्तीत पानं सरकलेली असतात आणि मग गळालेला मजकूर नेमका किती, ते कळत नाही. ग्रंथपालांच्या परवानगीने पहिल्या सोळा पानांचे आणि शीर्षकपानाचे फोटो काढले. बाईंनी ते छापून आपल्या प्रतीत पुढे लावून घेतले.

८. कोकणात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत का?

पुण्या-मुंबईत असतात तशी, जवळजवळ नाहीत. इथे जुनं पुस्तक दुकानात जात नाही, रद्दीत जातं, आणि तेही ठरावीक दिवसांत. बंद घरं उघडतात ती मे महिन्यात आणि चतुर्थीच्या आधी. साफसफाई होते, माळा रिकामा होतो, "ही पुस्तकं कोण वाचणार" म्हणून गोणी भरते. भाऊबंदांत घराची वाटणी झाली किंवा मांगर पाडायचा ठरला तरी हेच. म्हणून तुमच्या टापूतल्या रद्दीवाल्याला एप्रिलमध्ये आणि श्रावण लागताना भेटा. त्याला लेखकाचं नाव सांगून उपयोग नाही. "मराठी गोष्टीची जुनी पुस्तकं आली तर गोणी फोडू नकोस, मला फोन कर, वजनाच्या दुप्पट देईन," एवढं त्याला पुरतं.

वाटेत कोणी थांबवलं नाही तर माल घाटावर किंवा मुंबईकडे जातो. मुंबईत फोर्टमधले फूटपाथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार, ही ठिकाणं धरून चाला. तिथल्या विक्रेत्याकडे चिठ्ठी ठेवायची असेल तर नाव, लेखक, प्रकाशक आणि फोन नंबर ठळक लिहा. "कोणतीही आवृत्ती चालेल" की "पहिलीच हवी" हेही लिहा, म्हणजे तो नाहक थांबणार नाही.

९. प्रत मिळाली. घेण्याआधी काय तपासू आणि किती द्यावेत?

किमतीचा पक्का दर नाही. एकच कादंबरी रद्दीत किलोवर जाते आणि संग्राहकाकडे शंभरपट भावाने. मूळ कव्हर असलेली प्रत वेगळी, कव्हर नसलेली वेगळी. वाचनालयाचा शिक्का असेल तर भाव उतरतो. शिक्का असून "बाद" लिहिलेलं नसेल तर त्या वाचनालयाला विचारल्याशिवाय घेऊ नका. ते पुस्तक कोणीतरी परत न केलेलं असू शकतं.

तपासायचं ते फर्म्याने. पान १, १७, ३३, ४९ अशा प्रत्येक सोळा पानांनी तळाचा अंक क्रमाने येतो का बघा. एखादा फर्मा गळालेला किंवा दोनदा बांधलेला असेल तर लगेच कळतं, सगळी पानं उलटावी लागत नाहीत. काही पुस्तकं आठ पानांच्या फर्म्यांत असतात, तिथे ९, १७, २५. मग शेवटचं पान आणि शीर्षकपान.

पानांत बारीक वेडीवाकडी भोकं म्हणजे कसर. ती चालू आहे की जुनी, हे पुस्तक पांढऱ्या कागदावर आपटून बघा. ताजी भुकटी पडली तर ते पुस्तक घरातल्या इतर पुस्तकांत मिसळू नका. पिशवीत बंद करून वेगळं ठेवा. बुरशी असेल तर कोरड्या दिवशी उघड्यावर, नाक झाकून, मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग कायमचा बसतो.

१०. संग्राहकांकडे पुस्तक आहे असं कळतं, पण ते दाखवतच नाहीत. काय करावं?

त्यांना अनुभव आलेले असतात. पुस्तक वाचायला नेलं आणि परत आलं नाही, अशी गोष्ट प्रत्येकाकडे असते. प्रत मागू नका, माहिती मागा: पृष्ठसंख्या किती, कव्हर कोणाचं, अर्पणपत्रिका कोणाला. हे ते आनंदाने सांगतात. मग "तुमच्याच घरी बसून वाचू का" असं विचारा.

देवाणघेवाण पैशापेक्षा लवकर जमते. तुमच्या घरात काय आहे त्याची यादी करून न्या. कोणी नुसती दलालांची कव्हरं जमवतं, कोणी दिवाळी अंक, कोणी एकाच प्रकाशकाची पुस्तकं. तुमच्या माळ्यावरचा जुना दिवाळी अंक त्यांना कादंबरीपेक्षा मोलाचा असू शकतो.

११. प्रकाशनसंस्था बंद झाली आहे. मालकाचा पत्ता कसा काढायचा?

शीर्षकपानाच्या मागे प्रकाशकाबरोबर मुद्रकाचं नाव आणि पत्ताही असतो. प्रकाशक गेला तरी छापखाना कधीकधी पुढच्या पिढीकडे चालू असतो आणि त्यांना हिशेब कोणाशी होता ते माहीत असतं. त्या प्रकाशकाची इतर पुस्तकं आज कोण काढतं ते बघा. नव्या आवृत्तीत "हक्क" या शब्दापुढे ज्यांचं नाव असतं, ते बहुधा लेखकाचे वारस. अखिल भारतीय मराठी प्रकाशक संघाकडेही विचारता येतं.

पत्र लिहाल तेव्हा "पुनर्मुद्रण करा" अशी नुसती मागणी नको. असं लिहा: "आपण १९६० च्या सुमारास काढलेल्या या कादंबरीची प्रत मी शोधत आहे. आपल्याकडे कार्यालयीन प्रत असल्यास येऊन वाचण्याची परवानगी मिळावी. नवी आवृत्ती काढण्याचा विचार असल्यास छपाईसाठी लागणारी पूर्ण प्रत मी मिळवून देऊ शकतो." शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, पण लिहिलंत तर उत्तर येतं. वारसांकडे बरेचदा स्वतःचीच प्रत नसते.

१२. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढली तर चालेल का? स्कॅन करून सगळ्यांना पाठवू का?

लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क टिकतात. लेखक १९६५ मध्ये गेले असतील तर ३१ डिसेंबर २०२५ ला हक्क संपले, त्यानंतर छापा, वाटा, काही हरकत नाही. आवृत्ती संपली म्हणून हक्क संपत नाहीत. साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक लेखकांचे हक्क अजून चालू आहेत.

तोवर काय करता येतं? भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी करून ठेवता येतात, अशी तरतूद कायद्यात आहे. म्हणजे तुमच्या गावच्या वाचनालयाने आपली जीर्ण प्रत जपण्यासाठी स्कॅन करून छापून ठेवली तर ते रास्त आहे. ग्रंथपालांना हे सांगा, अनेकांना माहीत नसतं. खाजगी अभ्यासासाठी काही पानांची नक्कल हा रास्त वापर. अख्खं पुस्तक व्हॉट्सॲप गटावर टाकणं मात्र त्यात बसत नाही.

एक व्यवहाराचं सांगतो: जुनं बांधीव पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर पालथं दाबलं की पाठ मोडते. मोबाइलने फोटो काढा.

१३. इंटरनेटवर शोधलं, काही मिळालं नाही. शोधण्यात चुकतंय का?

बहुधा लिपीत अडतंय. archive.org वर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची बरीच मराठी पुस्तकं आहेत, पण त्यांची नावं रोमन अक्षरांत, दीर्घ स्वरासाठी अक्षर दुप्पट करून आणि हवी तशी लिहिलेली. "छाया" हे `chaayaa` म्हणून सापडेल किंवा `chhaya` म्हणून. लेखकाच्या नुसत्या आडनावाने शोधून यादी डोळ्यांखालून घाला. नोंद एका पुस्तकाची आणि आत दुसरंच, असंही असतं.

worldcat.org वर वेगळी पद्धत आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीच्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पुरवली. त्यामुळे गावात न सापडणारी कादंबरी शिकागोत असल्याचं दिसतं. तिथे "च" साठी `c`, "छ" साठी `ch`, आणि शब्दाच्या शेवटी "अ" लिहितात: "चांदणे" म्हणजे `Candane`, "शेवट" म्हणजे `Sevata`. प्रत हाती येणार नाही, पण साल, प्रकाशक आणि पानं पक्की कळतात. प्रश्न ५ साठी तेवढंच हवं असतं.

१४. सगळीकडे शोधलं, सूचीतही नाही. पण मी ती वाचली आहे, नक्की!

वाचली असणार, पण पुस्तक म्हणून नाही. दिवाळी अंकात "संपूर्ण कादंबरी" छापायची पद्धत होती आणि मासिकांत क्रमशः कादंबऱ्या येत. त्यातल्या कित्येक पुढे पुस्तकरूपात आल्याच नाहीत. पानावर दोन रकान्यांत मजकूर होता, मध्ये तेलाच्या किंवा साबणाच्या जाहिराती होत्या, असं काही आठवतं का? मग अंक शोधायचा. वाचनालयं दिवाळी अंकांची नोंद पुस्तकांच्या वहीत करत नसत आणि वर्ष उलटल्यावर ते विकून टाकत, म्हणून इथे संग्राहकच कामाला येतात (प्रश्न १०).

पुस्तक झालं तेव्हा नाव बदललं, असंही होतं. अशा वेळी लेखकाची सगळी पुस्तकं पृष्ठसंख्येवर न जाता पात्रांच्या नावांवरून तपासा.

१५. कादंबरी गोव्यात छापलेली आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्यात शोधू की गोव्यात?

दोन्हीकडे, पण साल बघून. १९६१ पूर्वी गोव्यात पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे तिथल्या छापखान्यांतून निघालेल्या मराठी पुस्तकांना प्रश्न ६ मधला १९५४ चा कायदा लागू नव्हता. मुंबई-कोलकात्यात ती नसली तर नवल नाही. अशा पुस्तकासाठी पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. ते १८३२ पासूनचं आहे. सीमेअलीकडे ही पुस्तकं सोयरिकीतून आली. सून गोव्याची असेल त्या घरात चौकशी करा, वाचनालयाच्या वहीत बघायचं तर देणगीच्या नोंदी आधी. १९६१ नंतरच्या पुस्तकाला मात्र महाराष्ट्रातल्या पुस्तकांचीच रीत, प्रश्न ३ पासून.